कोर्सची फी, कोर्सचा वेळ

(नोकरदार स्त्रियांच्या वाशी येथील शिबिरात केलेले भाषण.)

मी काही वक्ती नाही. रबाळ्याच्या एमआयडीसीत पाण्याचे आणि अन्नपदार्थांचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी बारा वर्षं काम करते आहे. बी.एस्सी. केमिस्ट्री करून लागले, अजून तिथेच आहे. आमच्या लॅबमध्ये अडतीस माणसं आहेत, त्यांत सतरा बायका. मला इथे बोलवण्याचं कारण एवढंच, की मी कंपनीकडून एका सर्टिफिकेट कोर्सची फी आणि चार दिवसांचा वेळ मिळवला. पहिल्या खेपेला मिळाला नाही, दुसऱ्या खेपेला मिळाला. या दोन खेपांत मी काय वेगळं केलं, ते सांगते. माझं काय चुकलं, तेही सांगते.

आधी कोर्स कसला ते सांगायला हवं. आमच्यासारख्या लॅबला एनएबीएल नावाची राष्ट्रीय संस्था मान्यता देते. त्यासाठी आयएसओ १७०२५ हे मानक पाळावं लागतं. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार सरकार अन्न तपासणीसाठी ज्या खाजगी लॅब अधिसूचित करतं, त्यांना ही मान्यता असावी लागते. म्हणजे मान्यता गेली तर निम्मं काम गेलं. या मानकात एक अट अशी, की लॅबने ठरलेल्या मुदतीने स्वतःची तपासणी स्वतः करायची. याला अंतर्गत ऑडिट म्हणतात. ते करायला प्रशिक्षित माणूस लागतो. असा माणूस तयार करणारा कोर्स चार दिवसांचा असतो आणि शेवटी लेखी परीक्षा असते. आमच्याकडे असं प्रशिक्षण झालेलं कोणी नव्हतं. दरवर्षी बाहेरून दोन सल्लागार यायचे, दोन दिवस कागद चाळायचे आणि बिल देऊन जायचे.

मला वाटलं, हे मी करू शकते. तीन वर्षांपूर्वी मी अर्धं पान अर्ज लिहिला. “मला शिकण्याची इच्छा आहे, माझी प्रगती होईल, कृपया फी द्यावी.” साहेब म्हणाले, “बघू.” साहेबांचं “बघू” म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. त्याच महिन्यात यंत्र विभागातले दोघे पुरुष पुण्याला आठवडाभराच्या प्रशिक्षणाला गेले. ऑन ड्यूटी, हॉटेलसकट. मी घरी येऊन खूप चिडचिड केली. पण दुसऱ्या दिवशी मी अकाउंटमधल्या मॅडमना विचारलं, की यांनी अर्ज कधी केला होता? त्या म्हणाल्या, “अर्ज कसला? त्यांची नावं वर्षाच्या ट्रेनिंग प्लॅनमध्येच होती.”

तेव्हा मला पहिली गोष्ट कळली. आमच्या मानकातच लिहिलेलं आहे, की कोणत्या कामाला कोणती पात्रता लागते आणि कोणाला काय शिकवायचं, हे लॅबने ठरवायचं आणि त्याची नोंद ठेवायची. म्हणून जानेवारीत एक कागद तयार होतो. विभागप्रमुख नावं देतात, मार्चमध्ये त्यावर पैसे ठरतात आणि एप्रिलनंतर येणारी प्रत्येक मागणी ही “जादा खर्च” होते. मी ऑगस्टमध्ये अर्ज दिला होता. विभागप्रमुखाने आपणहून बायकांची नावं घातली नव्हती आणि आम्हीही कधी तो कागद पाहायला मागितला नव्हता. तुमच्या कारखान्यात, ऑफिसात असा कागद आहे का, तो कोण बनवतं आणि कधी बनवतं, हे आधी शोधा. अर्ज नंतर लिहा.

दुसऱ्या खेपेची तयारी मी नोव्हेंबरमध्ये सुरू केली. सर्वात आधी मी मागच्या मूल्यांकनाचा अहवाल काढला. एनएबीएलच्या मूल्यांकनकर्त्यांनी सात त्रुटी दाखवल्या होत्या. मी एकेक त्रुटी घेऊन बसले आणि स्वतःला विचारलं, ही आपल्याला आधी दिसली असती का? चार दिसल्या असत्या. त्यातली एक सांगते. नमुने ठेवायच्या फ्रिजच्या तापमानाची नोंदवही रोज भरायची असते. आमच्या वहीत रविवारीसुद्धा तापमान लिहिलेलं होतं आणि रविवारी लॅबला कुलूप असतं! कोणीतरी सोमवारी सकाळी दोन्ही दिवस एकदम भरत होतं. सल्लागारांना हे दिसलं नाही, कारण त्यांना वही पूर्ण भरलेली दिसली. रविवारी कोण येतं, कोण नाही, हे त्यांना कुठून माहीत असणार? दुसरी त्रुटी अशी. तराजूच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र फाइलला लागलं होतं, पण त्यातली चूक आपल्या मर्यादेत बसते का, हे कोणी पाहिल्याची सही नव्हती. ही कामं बेंचवर बसणाऱ्या बाईला माहीत असतात. माझ्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद मी या चार त्रुटींचा केला. त्यात “माझी प्रगती” हे शब्द कुठेच नव्हते.

मग मला एक अडचण दिसली. पहिल्या अर्जात ती माझ्या ध्यानातच आली नव्हती. ऑडिट करणाऱ्याने स्वतःच्या कामाचं ऑडिट करून चालत नाही. ते निःपक्षपाती राहत नाही. मी पाण्याच्या रासायनिक चाचण्या करते. माझ्या बेंचचं ऑडिट कोण करणार? म्हणजे मी एकटी शिकून कंपनीचा सल्लागार सुटणार नव्हताच. साहेबांनी पहिला अर्ज वाचून हाच प्रश्न विचारला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी दोघींसाठी मागितलं. मायक्रोबायोलॉजीमधली माझी मैत्रीण माझा विभाग तपासेल, मी तिचा तपासेन. एका बाईचा खर्च मागायला जिथे भीती वाटत होती, तिथे दोघींचा मागणं जास्त सोपं गेलं, कारण आता हिशेब पुरा होत होता.

हिशेब सांगते. आकडे माझ्या लॅबचे आहेत, तुमचे वेगळे असतील. रीत मात्र हीच.

फी एकीची १८,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४० रुपये. पण अकाउंटच्या मॅडमनी मला एक गोष्ट शिकवली. बिल जर कंपनीच्या नावाने, कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर फाडलं, तर तो कर कंपनीला तिच्या भरायच्या करातून वजा करता येतो. मी आधी स्वतः भरून नंतर पैसे मागितले असते, तर बिल माझ्या नावाने आलं असतं आणि कंपनीचे ३,२४० रुपये बुडाले असते. म्हणून “आधी तू भर, नंतर बघू” याला कधी हो म्हणू नका. आपल्या खिशाला ते जड जातंच, कंपनीचाही त्यात तोटा आहे. तर खरा खर्च दोघींचा ३६,००० रुपये.

आता वेळ. माझा पगार महिना ३२,०००, मैत्रिणीचा २६,०००. सव्वीस दिवसांनी भागलं, तर माझा दिवस साधारण १,२३० रुपयांचा आणि तिचा १,००० चा. चार-चार दिवसांचे मिळून ८,९०० रुपये. कोर्स अंधेरीला. रबाळ्याहून ठाणे, ठाण्याहून घाटकोपर, तिथून मेट्रो. दोघींचा प्रवास आणि किरकोळ खर्च १,२०० धरला. एकूण ४६,१०० रुपये. पुष्कळ जणी प्रस्तावात फक्त फी लिहितात. वेळेची किंमत आपण लिहिली नाही, तर साहेब ती मनात धरतात, आणि मनातली किंमत नेहमी जास्त असते.

दुसऱ्या बाजूला, सल्लागारांचे दोन माणसांचे दोन दिवस, दिवसाला १२,००० प्रमाणे ४८,००० रुपये दरवर्षी. मी लोभाने ते सगळे वाचतील असं लिहिलं नाही. पहिल्या वर्षी एक सल्लागार एक दिवस येईल, आमच्याबरोबर बसेल, म्हणून १२,००० खर्चात ठेवले. शिवाय आम्ही ऑडिट करणार, ते काही फुकट नाही. दोघींचे तीन-तीन दिवस जातील, त्याचे ६,७०० धरले. म्हणजे पहिल्या वर्षी बचत २९,३००, दुसऱ्या वर्षी ४१,३००. पहिल्या वर्षी खर्च निघत नाही, हे मी स्पष्ट लिहिलं. दुसऱ्या ऑडिटला निघतो आणि वर २४,५०० उरतात. साहेबांनी तोच आकडा आधी पाहिला. मला वाटतं, पहिल्या वर्षी तोटा आहे हे मी स्वतःच कबूल केलं, म्हणून बाकीच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास बसला.

शेवटी एक पान जोडलं, आम्ही नसताना काम कोण करील याचं. माझ्या कोणत्या चाचण्या कोणाला येतात, कोणत्या चाचणीची अधिकृत सही कोणाकडे आहे आणि एक चाचणी अशी की जी माझ्याशिवाय कोणालाच नाही. त्या आठवड्यात तिचे नमुने घ्यायचे नाहीत, तसं मार्केटिंगला दहा दिवस आधी कळवायचं. आणि आम्ही दोघी एकाच बॅचला जायचं नाही. प्रस्ताव सगळा मिळून दोन पानं झाला. डिसेंबरच्या शेवटी दिला.

आता वाटाघाटीचं सांगते, कारण आपल्या बायकांची खरी कसोटी तिथे लागते.

साहेब म्हणाले, “फी देतो. पण शनिवार-रविवारची बॅच घे ना, म्हणजे कामाचं नुकसान नको.” किती सरळ वाटतं! आमच्याकडे शनिवारी काम असतं, म्हणून शनिवार त्यांना द्यावाच लागणार होता. पण ते दोन रविवार कोणाचे? माझ्या घरी आठवड्याचं दळण, कपडे, सासूबाईंचं डॉक्टरकडे जाणं, मुलाचा अभ्यास हे सगळं रविवारी होतं. पुण्याला गेलेल्या दोघांना रविवार मागितला नव्हता. मी भांडले नाही. मी म्हटलं, “सर, काम कंपनीचं आहे, तर दिवसही कंपनीचा. रविवारची बॅच मी घेते, पण त्या दोन रविवारांच्या बदली दोन सुट्ट्या त्याच महिन्यात आणि तसं पत्रात.” त्यांनी हिशेब केला. दिवस तेवढेच जाणार होते. शेवटी मला चालू आठवड्यातली बॅच मिळाली आणि हजेरीवर “ऑन ड्यूटी” लागलं. रजा नाही. मैत्रिणींनो, फी ही एकदा जाते आणि विसरून जायला होते. बाईच्या आयुष्यात नसतो तो वेळ. फी मिळाली आणि वेळ घरातून काढावा लागला, तर कोर्स कंपनीने दिला असं म्हणू नका, तो तुमच्या झोपेने दिला.

मग आला बॉण्ड. एचआरने कागद पुढे केला. दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर एक लाख रुपये, आणि डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं कंपनीत जमा. माझ्या मैत्रिणीचं लग्न नुकतंच झालं होतं. तिला वर तोंडी विचारलं, “तू राहशील ना गं? नाहीतर वर्षभरात गोड बातमी द्यायचीस.” मला असं कोणी विचारलं नाही, कारण माझा मुलगा आठवीत आहे. पुण्याच्या त्या दोघांना तर मुळीच विचारलं नव्हतं.

बॉण्डबद्दल आपल्यात दोन गैरसमज आहेत. एक म्हणजे बॉण्डला काही अर्थ नसतो, सही करून टाका. तसं नाही. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉण्ड ग्राह्य धरला. दुसरा गैरसमज असा, की कागदावर लिहिलेले सगळे पैसे द्यावेच लागतात. तेही तसं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते. भरपाई वाजवीच असायला हवी. १८,००० च्या कोर्सला एक लाख कोणत्या हिशेबाने, एवढंच मी विचारलं. पण कोर्टात जाऊन वाजवी ठरवून घेण्यापेक्षा सहीच्या आधीच वाजवी लिहून घेणं आपल्या हातात असतं.

आम्ही पाच गोष्टी मागितल्या. रक्कम फक्त प्रत्यक्ष फीची, १८,०००. मुदत एक वर्ष आणि दर महिन्याला त्यातले १,५०० कमी होत जावेत. बाळंतपणाची रजा त्या वर्षात धरली जावी. तिच्यासाठी मुदत वाढवायची नाही. कायद्याने मिळणारे सव्वीस आठवडे हा काही नोकरी सोडण्याचा प्रकार नाही. कंपनीने काढलं तर काही देणं लागू नये. आणि मूळ प्रमाणपत्रं आमच्याकडेच राहतील, प्रती घ्याव्यात. रक्कम आणि प्रमाणपत्रं लगेच मान्य झाली. बाळंतपणाच्या कलमावर तीन आठवडे गेले. एचआर म्हणे, असं कलम आमच्याकडे कोणाच्याच करारात नाही. मी म्हटलं, मग आता सगळ्यांच्या करारात घाला, पुरुषांच्यासुद्धा. “रजेचा काळ मुदतीत धरला जाईल” असं सर्वांना लागू होणारं वाक्य आलं. कोणाच्या पोटाकडे बघायची गरज उरली नाही.

मी मार्चमध्ये कोर्स केला. मैत्रिणीची पाळी जूनची होती, ती “काम फार आहे” म्हणून दोनदा पुढे ढकलली गेली. मी पुन्हा प्रस्तावाचं तेच पान दाखवलं. दोघी नसल्या तर हिशेब चालत नाही. ऑक्टोबरमध्ये ती गेली. डिसेंबरात आम्ही पहिलं ऑडिट केलं आणि नऊ त्रुटी काढल्या. त्यातल्या दोन माझ्या स्वतःच्या बेंचवरच्या, माझ्या मैत्रिणीने काढलेल्या! पुढच्या मूल्यांकनात फ्रिजच्या वहीचा प्रश्न आला नाही. आता रविवारच्या रकान्यात “लॅब बंद” लिहितात आणि तापमान यंत्र आपोआप नोंदवतं.

आता माझ्या चुका. मी ऑडिटला दोघींचे तीन-तीन दिवस धरले होते. पहिल्या वर्षी पाच-पाच लागले, कारण प्रश्नावल्या सगळ्या नव्याने लिहाव्या लागल्या. पुढच्या वर्षी साडेतीन लागले. म्हणजे बचत मी लिहिली त्यापेक्षा थोडी कमी झाली. तुम्ही नवीन काम मांडाल, तेव्हा पहिल्या वर्षाचा वेळ दुपटीने धरा.

दुसरी चूक मोठी आहे, आणि तिच्यासाठीच मी आज इथे आले. मी फी लिहिली, वेळ लिहिला, बॉण्ड लिहून घेतला. पण कोर्सनंतर ते काम कोणत्या वेळात करायचं, हे लिहून घेतलं नाही. ऑडिट आलं तेव्हा माझे रोजचे नमुने एकानेही कमी झाले नाहीत. त्रुटी बंद करण्याचा पाठपुरावाही माझ्याकडेच आला. दोन महिने मी साडेसातची ठाणे गाडी पकडत होते. कंपनीचे ४८,००० वाचले, त्यातले काही माझ्या संध्याकाळींतून वाचले. पगारात तर एक रुपयाही वाढला नाही. ज्या हिशेबाने मी कोर्स मिळवला, तोच हिशेब माझ्या वाढीसाठी मी वापरला नाही.

ते मी या वर्षी केलं. जानेवारीत नवीन कागद दिला. ऑडिटच्या आठवड्यात माझे नमुने निम्मे, महिन्यातून एक दिवस पाठपुराव्याला, पदनामात “अंतर्गत ऑडिटर” आणि त्याचा भत्ता. पहिल्या तीन गोष्टी मिळाल्या. भत्त्याला अजून “बघू” आहे.

आणखी एक सांगायला हवं. ही रीत सगळ्यांना पुरणारी नाही. आमच्याच लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या चार बायका ठेकेदाराकडून येतात. भांडं नीट धुतलं नाही तर माझा निकाल चुकतो, इतकं त्यांचं काम महत्त्वाचं. पण ट्रेनिंग प्लॅनमध्ये त्यांचं नाव येत नाही, कारण कागदोपत्री त्या आमच्या नाहीत. त्यांना ॲसिड हाताळायचं प्रशिक्षण द्यायला हवं, असं आम्ही पहिल्या ऑडिटमध्ये त्रुटी म्हणून लिहिलं. नऊपैकी सातवी त्रुटी तीच होती. त्रुटी म्हणून लिहिली, तेव्हा ती बंद करावी लागली. त्या चौघींचं प्रशिक्षण कामाच्या वेळात झालं, पगार कापला नाही. माझ्या सर्टिफिकेटचा मला सर्वात जास्त आनंद त्या दिवशी झाला.

जाताना माझी दोन पानं आणि बॉण्डचा मसुदा बाहेरच्या टेबलावर ठेवते. नावं आणि आकडे खोडले आहेत, आपले भरा. आणि जानेवारीच्या आधी भरा.